३२० की ३५०: आमच्या घाण्याच्या तेलाची किंमत ठरवताना

आमच्या लाकडी घाण्यासाठी कर्ज घेतलं तेव्हा सल्लागाराने करून दिलेल्या प्रकल्प अहवालात ब्रेक-इव्हनचं एक पान होतं. त्यावर लिहिलं होतं, क्षमतेच्या ४२ टक्क्यांना ना नफा ना तोटा. बँकेला तेवढं पुरतं. पण लिटरची बाटली कितीला विकायची, हे त्या पानावरून कळत नाही, कारण किंमत आधीच गृहीत धरून ते ४२ टक्के काढलेले असतात. आम्ही सुरुवातीला कराडमधल्या इतर घाण्यांकडे बघून शेंगदाणा तेल ३२० रुपये लिटर ठेवलं. गिऱ्हाईक जमलं, महिन्याला हजार लिटरच्या आसपास तेल जायला लागलं. मग आजूबाजूच्या गावांतले दुकानदार विचारायला लागले, 'आम्हाला कितीला द्याल?' तेव्हा किंमत नीट बसून ठरवणं भाग पडलं.

घाणा हे बघतात, म्हणजे माझे मिस्टर. मी एका कारखान्यात कॉस्टिंगला आहे, त्यामुळे कागद माझ्याकडे आला. यांचा हिशेब तयार होता: महिन्याचा सगळा खर्च काढायचा, लिटरने भागायचं. तो आकडा ३२१ यायचा. "३२१ पडतं, ३२०ला विकतो. रुपयाचाच तर प्रश्न आहे," असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, ३२१ हा आकडा फक्त बरोबर हजार लिटर विकलं तरच खरा आहे. आठशे गेलं की तोच खर्च ३४० होतो, बाराशे गेलं की ३०८. ज्या आकड्यावरून किंमत ठरवायची, तोच किमतीमुळे किती माल खपेल त्यावर हलत असेल, तर त्याला धरून ठरवायचं कसं? खप घटला म्हणून खर्च जास्त दिसतो, म्हणून किंमत वाढवली, म्हणून खप आणखी घटला, अशा फेऱ्यात अडकलेले कारखाने मी पाहिले आहेत.

म्हणून खर्चाचे दोन ढीग केले. एका ढिगात असा खर्च, जो एक लिटर जास्त काढलं की वाढतो आणि नाही काढलं की होतच नाही. दुसऱ्यात असा, जो घाणा बंद ठेवून शटर ओढलं तरी महिनाअखेर द्यावाच लागतो.

पहिल्या ढिगात मुख्य म्हणजे शेंगदाणा. हमाली-वाहतूक धरून तेव्हा तो आम्हाला १२० रुपये किलोने पडत होता. १०० किलो दाण्यातून, तेल निवळून गाळ बाजूला काढल्यावर, आमच्याकडे सरासरी ४० किलो तेल मिळतं आणि ५५ किलो पेंड. उरलेलं कचरा, ओल आणि गाळात जातं. इथे एक गोष्ट फार जण सोडून देतात. तेल घाण्यातून किलोने निघतं आणि बाटलीत लिटरने भरलं जातं. एक लिटर शेंगदाणा तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, त्यामुळे ४० किलोचे ४४ लिटर होतात. किलोचा खर्च लिटरला लावला तर प्रत्येक बाटलीत वीसेक रुपयांचा फरक पडतो, आणि इतक्या पातळ धंद्यात वीस रुपये म्हणजे सगळंच.

१०० किलो दाण्याचे १२,००० रुपये. पेंड जनावरांसाठी ४० रुपये किलोने जाते, तिचे २,२०० वजा केले की राहतात ९,८००. भागिले ४४ लिटर, म्हणजे लिटरला २२३ रुपये. बाटली, झाकण, लेबल आणि खोक्यातला वाटा मिळून १७. वीज ३. लाकडी घाणा वीज कमी खातो, हे त्याचं एक सुख. एकूण बदलता खर्च लिटरला २४३ रुपये.

पेंडीचे पैसे उत्पन्नात न धरता दाण्याच्या खर्चातून वजा केले, यावर आमच्या हिशेबनीसांनी भुवया उंचावल्या. वहीत ते तसे लिहीत नाहीत. पण मला हवं होतं ते एवढंच, की एक लिटर तेल जास्त विकायचं ठरवलं तर खिशातून नेमकं काय जाईल. ते तेल काढलं की सव्वा किलो पेंड आपोआप निघणारच, तर तिचे पैसे त्याच लिटरच्या नावावर हवेत.

दुसरा ढीग सोपा वाटला आणि वाद तिथेच झाला. गाळ्याचं भाडं १२,०००. दोन कामगारांचे मिळून २८,०००. हे म्हणाले, मजुरी तर लिटरवर लागते. पण आमची माणसं महिन्याच्या पगारावर आहेत. मोटार जळून घाणा बंद असतो त्या दिवशीही ती येतात, दाणे निवडतात, चहा पितात आणि पगार घेतात. लिटरमागे मजुरी देणारा घाणा असेल तर तो खर्च पहिल्या ढिगात जाईल, आमचा नाही जात. कर्जाचं व्याज ६,०००, लाट-उखळाची दुरुस्ती आणि घसारा ५,०००, विजेचा स्थिर आकार, हिशेबनीस, विमा, परवाना, तेलाची तपासणी असं किरकोळ मिळून ७,०००. शेवटी यांचा पगार २०,०००. तो हे प्रत्यक्षात घेत नव्हते. मी तरी लिहिला, कारण हे घाण्यावर बसले नसते तर तेवढ्याला कुणीतरी ठेवावंच लागलं असतं. बेरीज ७८,०००.

मग विक्रीची किंमत. बाटलीवरच्या ३२० मध्ये ५ टक्के जीएसटी आहे. तो आपला नाहीच. ३२० भागिले १.०५, हातात येतात ३०५. त्यातून २४३ गेले की उरतात ६२ रुपये. हे लिटरमागचं कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे प्रत्येक बाटली तो ७८,००० चा खड्डा भरायला जे देते ते. ७८,००० भागिले ६२ म्हणजे १,२५८ लिटर. आम्ही विकत होतो हजार. महिन्याला १६,००० कमी पडत होते, आणि ते दिसत नव्हते, कारण यांच्या न घेतलेल्या पगारातून ते गुपचूप भरले जात होते. पगार बाजूला ठेवला तर ब्रेक-इव्हन ९३५ लिटरला येतो, म्हणून 'घाणा चाललाय बरा' असंच वाटायचं. मी अजूनही दोन्ही आकडे काढते. ९३५ खाली गेलो तर उधारी सुरू होईल, १,२५८ खाली असलो तर हे फुकट राबतायत.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे. त्याला छापील किमतीवर १५ टक्के मार्जिन हवं होतं. हे शब्द नीट ऐकायचे असतात. छापील किमतीच्या १५ टक्के सोडायचे, की आपल्या दरावर १५ टक्के चढवून छापील किंमत करायची, यात ३५०च्या बाटलीवर जवळपास सात रुपयांचा फरक आहे. तोंडी बोलण्यात दोघेही '१५ टक्के' म्हणतात आणि पहिलं बिल आलं की भांडतात. आम्ही पहिलं धरलं, कारण दुकानदार तेच धरतो.

३२०च्या बाटलीवर दुकानदाराकडून येणार २७२, त्यातून जीएसटी काढला की २५९. बदलता खर्च २४३, शिवाय दुकानात पोचवण्याचं पेट्रोल आणि गळकी बाटली परत घेण्यापोटी लिटरला ६. उरले दहा रुपये. दुकानातून शंभर बाटल्या गेल्या तर हजार रुपये. म्हणजे ३२० या किमतीत फक्त घाण्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब बसत होता, दुकानदाराला त्यात जागाच नव्हती. आणि एकाच बाटलीवर दोन छापील किमती चालवायच्या नव्हत्या. ज्याला घाण्यावर ३२० आणि दुकानात ३५० दिसेल, तो दुकानात जाईलच कशाला, आणि दुकानदार तरी माल ठेवेल का? किंमत ठरवायची ती सगळ्यात महागड्या वाटेने जाणाऱ्या बाटलीकडे बघून, हे इथे पक्कं झालं.

गावातल्या इतर घाण्यांचे दर ३३० ते ३६० होते. मी ३५० मांडून पाहिले. जीएसटी काढून ३३३, वजा २४३, उरतात ९०. किंमत साडेनऊ टक्क्यांनी वाढली, पण कॉन्ट्रिब्युशन ६२चं ९० झालं, म्हणजे ४५ टक्क्यांनी वाढलं. दुकानातल्या बाटलीवर दहाचे ३४ झाले. हा भाग यांना पटवायला मला वेळ लागला, कारण यांच्या डोक्यात 'तीस रुपये वाढवले तर गिऱ्हाईक तुटेल' एवढंच होतं. गिऱ्हाईक तुटणार हे मलाही मान्य होतं. प्रश्न किती तुटलं तर चालेल हा होता. आज हजार लिटरवर ६२,००० मिळतात. तेवढेच पैसे ९०च्या हिशेबाने ६८९ लिटरवर मिळतात. म्हणजे दर दहातली तीन गिऱ्हाईकं गेली तरी आपण आज आहोत तिथेच राहू. उलट यांच्या मनात ३०० रुपयांची दिवाळी ऑफर होती. तिच्यात लिटरला ४३ उरले असते, आणि त्याच ६२,००० साठी १,४४० लिटर विकावं लागलं असतं. वीस रुपये कमी केले म्हणून खप दीडपट होईल असं यांनाही छातीठोकपणे म्हणता येईना.

३५० केलं. घाण्यावरचा खप ८८०पर्यंत उतरला आणि तिथे थांबला. ८८० गुणिले ९०, म्हणजे ७९,२००. यांचा पगार धरूनही ब्रेक-इव्हनच्या जेमतेम वर, कमी तेल काढून. जी गिऱ्हाईकं गेली त्यातली बरीचशी महिन्याला अर्धा लिटर नेणारी आणि दर वेळी भाव करणारी होती, असं हे सांगतात. मी त्यांना तोंडाने ओळखत नाही, त्यामुळे मान्य करते.

दुकानांतून अडीचशे लिटर जायला लागलं, त्यातून आणखी ८,५००. इथे एका मोहापासून सावध राहावं लागलं. दुकानातला खप वाढवणं सोपं असतं, माल उतरवून यायचं की झालं. पण दुकानातली बाटली ३४ देते आणि घाण्यावरची ९०, त्यामुळे '७८,००० भागिले ९०, ब्रेक-इव्हन ८६७ लिटर' असं एकच उत्तर आता चालत नाही. दहापैकी तीन बाटल्या दुकानातून गेल्या तर सरासरी ७३ पडते आणि ब्रेक-इव्हन १,०६५च्या आसपास येतो. निम्म्या-निम्म्या गेल्या तर सरासरी पुन्हा ६२, आणि ब्रेक-इव्हन पुन्हा तेच १,२५८. किंमत वाढवून मिळवलेलं सगळं, खप न वाढता नुसता घाण्यावरून दुकानात सरकला तरी परत जातं. म्हणून घाण्यापासून चालत येण्याच्या अंतरावरच्या दुकानांना आम्ही माल दिला नाही. एका दुकानदाराला ते लागलं, पण आकडा स्पष्ट होता.

हा सगळा हिशेब दाणा १२० रुपये धरून आहे, आणि दाणा तसा राहत नाही. किलोला एक रुपया वाढला की लिटरला सव्वादोन रुपये वाढतात, कारण एका लिटरला सव्वादोन किलोच्या वर दाणे लागतात. दाणा १३० झाला तर ९०चे ६७ होतात. पेंड ४०वरून ३२ला आली की लिटरला आठ नाही, दहा रुपये जातात. आणि उतारा ४०वरून ३८ टक्क्यांवर आला तरी तेवढेच दहा. दाण्याचा भाव बाजार समितीत कळतो, पेंडीचा गोठेवाला सांगतो, उतारा मात्र कुणी सांगत नाही. दाण्यात ओल असली, किंवा कामगाराने घाईने पेंड लवकर काढली की तेल पेंडीत राहतं. ते ओळखायला आम्ही प्रत्येक पोत्यामागे पेंड तोलायला लागलो. १०० किलोमागे ५५च्या जागी पेंड ५७ भरली की कुठेतरी तेल अडकलंय. पेंड नेणारे गोठेवाले अशा वेळी आनंदाने जास्त मागणी करतात, तीही एक खूणच.

पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला तो यानंतर. त्याला महिन्याला ४८ डबे हवे होते, १५ किलोचे, आमच्या लेबलशिवाय, जीएसटी सोडून ४,२०० रुपये डबा. १५ किलोत साडेसोळा लिटर बसतं, म्हणजे लिटरला २५५ रुपये पडतात. हिशेबनीस म्हणाले, पूर्ण खर्च ३१०च्या वर आहे, लिटरमागे पंचावन्न रुपये तोटा खाऊन कशाला द्यायचं? पण त्या ३१०मधला भाडं, पगार, व्याज हा भाग डबे दिले काय न दिले काय, जाणारच आहे. डब्यासाठी जास्तीचा खर्च किती? तेल आणि वीज मिळून ३,७३०, रिकामा डबा ११०, असे ३,८४०. उरतात ३६० रुपये. बाटलीच्या मानाने अगदीच थोडे, लिटरला २२. पण ते शून्याच्या वर आहेत, आणि घाणे दिवसाचे बरेच तास उभे असतात. शिवाय घाणा आणि दुकानं मिळून वर उरणाऱ्या ९,७०० मधून कर्जाच्या मुद्दलाचे ९,००० जातात. मुद्दल हा खर्च नाही म्हणून तो ७८,०००मध्ये नाही, पण बँक तर तो मागतेच.

४८ डब्यांचे १७,२८०. हे खूश झाले. मग मी विचारलं, काढणार कोण? दोन्ही घाणे पूर्ण वेळ चालले तर महिन्याला २,३०० लिटर निघू शकतं, पण आमच्या दोन माणसांत, भरणं-लेबलं-पोचवणं सांभाळून, १,५५०च निघतं. ४८ डबे म्हणजे जवळपास ८०० लिटर जास्त. त्याला तिसरा माणूस हवा, १४,००० पगाराचा. ज्याला आपण स्थिर खर्च म्हणतो तो असा एका टप्प्यापर्यंतच स्थिर असतो, त्यापुढे एकदम पायरी चढतो. १७,२८०मधून १४,००० गेले की उरतात ३,२८०. त्याऐवजी २५ डबे घेतले तर आहेत त्याच माणसांत होतात आणि ९,००० उरतात. निम्मं काम, तिपटीच्या जवळ पैसे. व्यापाऱ्याला २५च सांगितले.

दसरा ते दिवाळी मात्र एकही डबा द्यायचा नाही, असं आम्ही आधीच बोलून घेतलं. त्या दिवसांत घाण्यावर रांग असते आणि तेल कमी पडतं. तेव्हा लिटर सोडून घाण्याचा तास मोजावा लागतो. एक घाणा तासाला १५ किलो दाणे घेतो, साडेसहा लिटर तेल देतो. तो तास घाण्यावरच्या बाटल्यांना दिला तर जवळपास ५९० रुपये, दुकानाला दिला तर २२०, डब्याला दिला तर १४५. एरवी रिकामा जाणारा तास डब्याला देणं फायद्याचं, पण दिवाळीत तोच तास डब्याला दिला तर साडेचारशेच्या जवळ रुपये टाकून दिले. याच कारणाने करडईही आम्ही फक्त पावसाळ्यात काढतो. तिच्या लिटरला शेंगदाण्यापेक्षा जास्त उरतं, पण उतारा कमी आणि वेळ दीडपट, तासावर मोजली की ती मागे पडते.

शेवटची घासाघीस दाण्याच्या भावावरून झाली. वर्षभर ४,२०० बांधून देणं शक्य नव्हतं. दाणा दहा रुपयांनी चढला की डब्यावरचे ३६० जाऊन वरून पंधरा रुपये घालावे लागले असते. एका डब्याला साडेसदतीस किलो दाणे लागतात, म्हणून मी म्हटलं, किलोला रुपया चढला की डब्याला साडेसदतीस रुपये चढतील, उतरला की तेवढेच उतरतील, आणि दर पंधरा दिवसांनी बघायचा. "वहिनी, दाणा चढला की पेंडही चढते, ती तुमच्याच घरात राहते ना," असं म्हणून त्याने तीस सांगितले. मुद्दा अगदीच खोटा नव्हता, पण पेंड दाण्याच्या मागोमाग तितकीच चढते असं आमच्या वहीत दिसत नाही. पस्तीसवर ठरलं.